हो, नाही पाहिला

उलटतपासणीत साक्षीदाराला विचारलेला एक साधा प्रश्न घेऊ. समजा, मारामारीच्या खटल्यात बचावपक्षाचा वकील इंग्रजीत विचारतो आहे, साक्षीदार फक्त मराठी जाणतो, आणि मध्ये दुभाषी उभा आहे. वकिलाचं म्हणणं असं, की साक्षीदाराने आरोपीच्या हातात चाकू पाहिलेलाच नव्हता. इंग्रजीत तो आधी नकारार्थी विधान करतो आणि त्याला एक होकारार्थी शेपूट जोडतो: ‘यू डिड नॉट सी द नाइफ, डिड यू?’ दुभाषी म्हणतो, ‘तुम्ही चाकू पाहिला नाही ना?’ साक्षीदार म्हणतो, ‘हो.’ दुभाषी इंग्रजीत सांगतो, ‘येस.’ मराठी ऐकणाऱ्याला साक्षीदाराने चाकू पाहिला नव्हता असं कळलं. त्या इंग्रजी प्रश्नाला आलेला ‘येस’ ऐकणाऱ्याला त्याने चाकू पाहिला होता असं कळलं, निदान तसं कळण्याची पुरेपूर शक्यता आहे. दुभाष्याने एकही शब्द चुकीचा वापरलेला नाही. शब्दकोशात ‘हो’समोर ‘येस’च आहे.

इंग्रजीतल्या त्या शेपटाला, म्हणजे प्रश्नपुच्छाला, मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, ही तक्रार भाषांतराच्या वर्गात नेहमी ऐकू येते. ती खरी आहे, पण मला ती दुय्यम वाटते. प्रश्नाच्या शेपटाला जवळपासचं काहीतरी सापडतंच. खरा घोटाळा उत्तरात होतो. नकारार्थी प्रश्न आणि त्याचं उत्तर ही एकच वस्तू आहे आणि तिचं भाषांतरही जोडीनंच व्हायला हवं. सुटं ‘हो’ आणि सुटं ‘नाही’ यांचं भाषांतर होऊ शकत नाही. ज्या वाक्याला ती दिली गेली, ते वाक्य सोबत नेल्याशिवाय त्यांना अर्थच नसतो.

आधी शेपटाचं काम पाहू. इंग्रजी प्रश्नपुच्छ हा फार काटेकोर प्रकार आहे. मूळ वाक्यातलं सहायक क्रियापद उचलायचं, काळ तोच ठेवायचा, कर्त्याजागी सर्वनाम घालायचं आणि वाक्य होकारार्थी असेल तर शेपूट नकारार्थी, वाक्य नकारार्थी असेल तर शेपूट होकारार्थी करायचं. त्याशिवाय सूर. शेवटी आवाज चढला तर बोलणाऱ्याला खरोखर विचारायचं असतं. आवाज उतरला तर तो विचारत नसतो, कबुली मागत असतो. बहुतेक भाषा एवढा खटाटोप करत नाहीत. जर्मन माणूस ‘निश्त वार’ किंवा नुसतं ‘ओडर’ म्हणतो, फ्रेंच माणूस ‘नेस पा’ म्हणतो. वाक्य कोणतंही असो, शेपूट तेच. आपल्याकडच्या इंग्रजीत ‘यू आर कमिंग, इझन्ट इट?’ असं जे सर्रास ऐकू येतं, त्याला व्याकरणाचे मास्तर हसतात. पण तिथे बोलणाऱ्याने आपलं ‘नाही का’ इंग्रजीवर ठेवलेलं असतं, इतकंच. लंडनच्या रस्त्यावरचं ‘इनिट’ही असंच एकसाची झालेलं आहे, त्याला मात्र फारसं कुणी हसत नाही.

मराठीत या एका साच्याचं काम चारपाच जण वाटून घेतात. ‘ना’, ‘नाही का’, ‘की नाही’, ‘हो ना’, ‘खरं ना’. ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘तुम्ही येणार ना?’ यात आशा आहे, थोडं आर्जव आहे. ‘तुम्ही येणार नाही का?’ यात आश्चर्य किंवा नाराजी आहे. ‘तुम्ही येणार, की नाही?’ यात धाक आहे. मास्तरांनी फळ्याकडे छडी दाखवत विचारावं तसा. आणि ‘ना’ तर नुसतं प्रश्नाचं चिन्ह नाहीच. ‘सांगा ना’, ‘बसा ना’ या आज्ञांमध्ये तेच ‘ना’ विनवणी करतं. म्हणून कोर्टातल्या उतरत्या सुरातल्या शेपटासाठी दुभाष्याने सवयीने ‘ना’ वापरलं, की कठोर वकील अचानक घरगुती वाटू लागतो. त्या ठिकाणी ‘तुम्ही तिथं होतात, हे खरं आहे की नाही?’ असं म्हटलं तर शब्द वाढतात, पण दाब तेवढाच राहतो. शेपूट सापडलं का, या प्रश्नापेक्षा बोलणाऱ्याने आधीच काय गृहीत धरलं आहे आणि त्याला नाही म्हणणं समोरच्याला किती जड जाणार आहे, हे ओळखणं महत्त्वाचं. मराठी हा दाब कधी ‘ना’मध्ये ठेवते, कधी ‘च’मध्ये (‘तुम्ही पाहिलंच नव्हतं’), कधी ‘म्हणजे’ने सुरुवात करून (‘म्हणजे तुम्ही पाहिलं नव्हतं तर’). या शेवटच्या वाक्यात तर प्रश्नपुच्छ नावाचं काहीच नाही आणि तरी ते इंग्रजी शेपटाचं सगळं काम करतं.

दुभाषे प्रत्यक्षात काय करतात, याचा सविस्तर अभ्यास सँड्रा हेल यांनी ऑस्ट्रेलियातल्या इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या खटल्यांवर केला. त्यांचं पुस्तक 2004 साली आलं. त्यांना आढळलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते: वकिलाच्या प्रश्नातली पुच्छं दुभाष्यांकडून वारंवार गळत होती. याचं कारण त्यांना इंग्रजी कळत नव्हतं असं नाही. पुच्छात माहिती नसते, दाब असतो, आणि घाईत माणूस माहिती वाचवतो. मग वकिलाने ‘तुम्ही तिथं होतात, हे नाकारून दाखवा’ अशा धाटणीत टाकलेला प्रश्न साक्षीदारापर्यंत ‘तुम्ही तिथं होतात का?’ एवढाच पोचतो. साक्षीदार शांतपणे उत्तर देतो, आणि मूळ प्रश्न ऐकलेल्यांना तो निर्ढावलेला वाटतो.

आता उत्तराकडे येऊ, कारण तिथे मराठीची गंमत आहे. भाषांचे ढोबळमानाने दोन गट सांगतात. काही भाषांत होकार किंवा नकार प्रश्नातल्या विधानाशी सहमती दाखवतो. जपानी हे नेहमीचं उदाहरण. ‘तू गेला नाहीस?’ याला जपानी माणूस ‘हाय’ म्हणाला तर त्याचा अर्थ ‘बरोबर, नाही गेलो’. दुसऱ्या गटात होकार किंवा नकार उत्तराच्या वाक्याशी जुळतो. क्रिया घडली असेल तर होकार, घडली नसेल तर नकार, मग प्रश्न कसाही विचारलेला असो. इंग्रजी साधारण या गटात. मराठीला कुठे बसवायचं? ‘तू काल आला नाहीस ना?’ याला ‘हो’ म्हटलं तर आलो नाही. ‘तू काल आला नाहीस का?’ याला ‘नाही’ म्हटलं तरी आलो नाही. एका अक्षराचा फरक, ‘ना’च्या जागी ‘का’, आणि त्याच वस्तुस्थितीला होकार आणि नकार दोन्ही चालतात. पहिल्या प्रश्नात विचारणाऱ्याने नकार गृहीत धरलेला आहे आणि आपण त्याच्याशी सहमत होतो. दुसऱ्यात त्याला होकाराची अपेक्षा होती आणि आपण ती मोडतो. मराठी माणूस म्हणूनच फार क्वचित नुसत्या ‘हो’वर थांबतो. तो क्रियापद पुन्हा उच्चारतो: ‘हो, नाही आलो.’ होकार आणि नकार एकाच दमात, एकमेकांना चिकटून. इंग्रजी कानाला हे वेड्यासारखं वाटेल; मराठीत त्याहून स्वच्छ उत्तर नाही.

नकार मोडून काढायचा असेल तर आपल्याकडे आणखी एक हत्यार आहे, ज्याकडे व्याकरणाची पुस्तकं फारशी लक्ष देत नाहीत. ‘तू आला नाहीस ना?’ ‘आलो होतो की!’ हा शेवटचा ‘की’ म्हणजे जर्मनमधला ‘डोख’ आणि फ्रेंचमधला ‘सी’. त्या दोन भाषांत नकारार्थी प्रश्नाला होकार द्यायचा तर नेहमीचा ‘या’ किंवा ‘वी’ चालत नाही, हा वेगळा शब्द लागतो. इंग्रजीतही एके काळी अशी सोय होती. साध्या प्रश्नाला ‘ये’ आणि ‘ने’, नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ आणि ‘नो’, असे चार शब्द होते. विल्यम टिंडलने बायबलच्या नव्या कराराचं इंग्रजी भाषांतर 1526 मध्ये छापलं, त्यात योहानाच्या शुभवर्तमानातल्या एका साध्या प्रश्नाला ‘ने’ऐवजी ‘नो’ हे उत्तर घातलं. थॉमस मोरने 1532 च्या आपल्या खंडनग्रंथात एवढ्या एका शब्दावरून त्याला इंग्रजी येत नाही असं झोडपलं. गंमत म्हणजे नियम समजावून सांगताना मोरचा स्वतःचाच गोंधळ उडाला. तो फरक तेव्हाच मरायला टेकलेला असावा. पुढे तो गेला, आणि नकारार्थी प्रश्नाला नुसता ‘येस’ ऐकला की इंग्रज माणसालाही कधीकधी ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारावं लागतं.

इथे पहिला आक्षेप येतो. माणसं रोज नकारार्थी प्रश्न विचारतात, रोज ‘हो’ आणि ‘नाही’ उत्तरं देतात आणि त्यामुळे कुणाचं अडत नाही. संदर्भ, चेहरा, पुढचं वाक्य यांतून अर्थ कळतो. घरात हे अगदी खरं आहे. पण घरात पुढचं वाक्य कुणाच्याही हातात असतं. नाही कळलं तर समोरचा विचारतो. उलटतपासणीत पुढचं वाक्य फक्त वकिलाच्या हातात असतं, आणि सोयीचं उत्तर मिळालं की तो थांबतो. चांगला वकील तर नेमका तिथेच थांबायला शिकलेला असतो. शिवाय साक्षीदार सहमत होण्याकडे झुकलेला असेल तर संदर्भही त्याच्या विरुद्ध जातो. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॉर्स्टर यांनी 1976 साली आनुंगा खटल्यात आदिवासी संशयितांच्या पोलिस चौकशीसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. अनेक जण विचारणाऱ्याला हवं असेल तेच उत्तर सौजन्यापोटी देतात, म्हणून अपेक्षित उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत, असा त्यांतल्या एका सूचनेचा रोख आहे. नकारार्थी वाक्याला पुच्छ जोडलेला प्रश्न अशा माणसाच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. त्याचा ‘हो’ विधानाला आहे, की विचारणाऱ्या साहेबाला, हे त्याच्या शब्दावरून सांगता येत नाही.

मग दुसरा आक्षेप: नकारार्थी प्रश्न सरळ करून का विचारू नये? ‘तुम्ही चाकू पाहिला का?’ असं दुभाष्याने म्हटलं तर ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही निःसंदिग्ध. उत्तर स्वच्छ मिळतं, हे कबूल. पण प्रश्न बदलतो. उलटतपासणीत सूचक प्रश्न विचारण्याचा अधिकार वकिलाला कायद्याने आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात तो होता, त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. सूचक प्रश्नाची व्याख्याच मुळी अशी, की ज्यातून विचारणाऱ्याला अपेक्षित असलेलं उत्तर सूचित होतं. ती सूचना दुभाष्याने काढून टाकली तर त्याने एका पक्षाची बाजू परस्पर कमकुवत केली. ‘दुभाष्याने पदरचं काही घालू नये’ हे तत्त्व सगळे सांगतात. पदरचं काढूही नये, हे तितकंच लागू आहे. त्याच्या हातात एक प्रामाणिक मार्ग उरतो. प्रश्न नकारार्थीच ठेवायचा, दाब तेवढाच ठेवायचा, आणि उत्तर नुसतं ‘हो’ आलं तर कोर्टाची परवानगी घेऊन साक्षीदाराकडून पूर्ण वाक्य मागायचं. ‘हो म्हणजे पाहिला, की हो म्हणजे नाही पाहिला?’ असा प्रश्न विचारायला कोर्टाची दहा सेकंदं जातात.

महाराष्ट्रातल्या कोर्टांत या अडचणीवर एक देशी तोडगा फार पूर्वीपासून आहे, आणि तो जितका हुशार आहे तितकाच फसवा. खालच्या कोर्टांत साक्ष बहुधा मराठीतच नोंदवली जाते, आणि ती प्रश्नोत्तरांच्या रूपात न लिहिता साक्षीदाराच्या तोंडच्या सलग निवेदनाच्या रूपात लिहिण्याची प्रथा आहे. वकील सुचवतो, ‘माझं म्हणणं आहे, तुम्ही तिथं नव्हताच.’ साक्षीदार ते नाकारतो. नोंदीत उमटतं: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी त्या वेळी तेथे हजर नव्हतो.’ साक्षीदाराने मान्य केलं तर: ‘हे म्हणणे खरे आहे की, मी चाकू पाहिला नाही.’ वाक्य अवघड दिसतं, कोर्टाबाहेरच्या माणसाला हसूही येतं, पण त्याची रचना पाहा. विधान जसंच्या तसं, नकारासकट, एका बाजूला ठेवलेलं आहे, आणि त्यावर साक्षीदाराचा निवाडा वेगळा नोंदवलेला आहे. ‘हो’ आणि ‘नाही’ यांचा घोळच उरत नाही. जपानी आणि इंग्रजी या दोन्ही पद्धतींना एकाच वेळी पटेल असं हे रूप आहे. भाषाशास्त्रज्ञाने मुद्दाम बसून काढलं असतं, तरी याहून फार वेगळं निघालं नसतं.

फसवेपणा कुठे? साक्षीदाराच्या तोंडून आलेला शब्द आणि कागदावर आलेलं वाक्य यांच्यामध्ये कुणीतरी एक निर्णय घेतलेला असतो, आणि त्या निर्णयाची खूण कागदावर राहत नाही. साक्षीदार फक्त ‘हो’ म्हणाला होता. तो ‘हो’ विधानाला लावायचा, की चाकूला, हे नोंदवताना क्षणभरात ठरलं. चुकीचं ठरलं असलं तरी वाक्य तितकंच ठाम, तितकंच साक्षीदाराचं दिसतं. पुढे अपील उच्च न्यायालयात गेलं, की तिथलं कामकाज राज्यघटनेच्या 348 व्या अनुच्छेदानुसार मुख्यतः इंग्रजीत असल्यामुळे या मराठी साक्षीचं इंग्रजी भाषांतर होतं. त्या भाषांतरकारापुढे प्रश्न नाही, पुच्छ नाही, मूळ ‘हो’ही नाही. त्याच्यापुढे फक्त दुहेरी नकाराचं वाक्य आहे, आणि अशा दोनशे वाक्यांच्या ओळीत एखादं ‘नाही’ नजरेतून सुटणं मुळीच अवघड नाही. ते सुटलं हे कळायची एकच युक्ती मला माहीत आहे: प्रत्येक अशा वाक्याखाली त्याचा निव्वळ अर्थ एका होकारार्थी वाक्यात लिहून पाहायचा, ‘साक्षीदार म्हणतो तो तिथे होता’, आणि तो सरतपासणीशी ताडायचा. सुचवलेली गोष्ट साक्षीदाराने नाकारली असेल तर ही दोन बहुधा जुळतात. जुळली नाहीत तर साक्षीदार उलटला आहे, किंवा एक ‘नाही’ वाटेत पडलं आहे. आणि साक्षीदार उलटला असता तर पुढच्या दोनचार वाक्यांत त्याचे पडसाद दिसले असते.

नकाराच्या आवाक्याचा प्रश्न यात आणखी भर घालतो. ‘मी भीतीमुळे तक्रार दिली नाही’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: भीती होती म्हणून तक्रार दिलीच नाही, किंवा तक्रार दिली, पण तिचं कारण भीती नव्हतं. मराठीत दुसरा अर्थ सांगायचा तर आपण सहसा ‘नव्हे’कडे वळतो: ‘मी तक्रार दिली ती भीतीमुळे नव्हे.’ क्रियेचा नकार ‘नाही’ने आणि ओळखीचा किंवा कारणाचा नकार ‘नव्हे’ने, ही जुनी वाटणी बोलण्यातून हळूहळू पुसली जाते आहे, ‘भीतीमुळे नाही’ असंच आता जास्त ऐकू येतं. मला त्याचं वाईट वाटतं ते शुद्धतेच्या आग्रहापोटी नव्हे. इंग्रजीत एकच ‘नॉट’ या दोन्ही कामांना जुंपलेला असल्यामुळे तिथे जो संदेह अटळ आहे, तो टाळायचं साधन आपल्याकडे आयतं आहे. इंग्रजीतून मराठीत आणताना ते वापरलं तर भाषांतर मुळापेक्षा स्पष्ट होतं. ते होऊ द्यावं की नाही, यावर मतभेद आहेत. काहींच्या मते मुळातली संदिग्धताही नेली पाहिजे. कादंबरीत मी ते मानेन. साक्षीत मात्र संदिग्धता दिसली तर ती जपायची नाही आणि आपल्या मनाने सोडवायचीही नाही, विचारून घ्यायची. लेखी भाषांतरात विचारायला साक्षीदार समोर नसतो, तिथे समासात टीप लिहिण्यावाचून इलाज नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. खटले तुंबलेले, दुभाषे अपुरे. प्रत्येक ‘हो’ची अशी झडती घेत बसलं तर एका साक्षीला आठवडा लागेल. झडती प्रत्येक ‘हो’ची नकोच. साध्या प्रश्नाच्या ‘हो’ला काही धोका नाही. धोका फक्त नकारार्थी विधानाला पुच्छ जोडून विचारलेल्या प्रश्नांना, आणि त्यातही ज्यांचं उत्तर एका शब्दात आलं आहे त्यांनाच. कायदा न्यायाधीशाला साक्षीचा कोणताही भाग निवेदनाऐवजी प्रश्नोत्तरांच्या रूपात नोंदवण्याची मुभा देतो. ही मुभा बहुधा साक्षीदार टाळाटाळ करतो तेव्हा वापरली जाते. ती या प्रश्नांसाठी वापरावी: प्रश्न जसा विचारला तसा, दुभाष्याने तो मराठीत जसा मांडला तसा, आणि खाली साक्षीदाराचे शब्द, ‘हो, नाही पाहिला’ असतील तर तसेच. उच्च न्यायालयातल्या भाषांतरकाराला मग ‘हो’साठी ‘येस’ लिहायचं, की ‘नो’, हे ठरवत बसावं लागणार नाही. तो दोन्ही गाळून सरळ लिहू शकेल, की साक्षीदाराने चाकू पाहिला नव्हता.